चांदी मिनी फ्युचर: भरलेले ५,५०० गेले कुठे? मदत हवी आहे

सांगलीचा_सुन्या
डोकं फिरलंय. सोमवारी चांदी घेतली ९२,०००ला, शुक्रवारी ९०,९००ला काढली. मधे बुधवारी रात्री ब्रोकरचा मेसेज की मार्जिन कमी आहे ५,५०० भरा, नाहीतर सौदा कापू. गुरुवारी सकाळी भरले. आता शुक्रवारचं स्टेटमेंट म्हणतंय २,००० फायदा! तोटा झालाय हे मला माहितीय आणि हे फायदा दाखवतात, आणि बॅलन्स ८०,०००, म्हणजे सुरुवातीला होता तेवढाच. मग माझे ५,५०० कुठे गेले? दंड म्हणून खाल्ले का?

चिंचवडकर
मिनी की मोठी? किती लॉट? ८०,००० सगळे कॅश होते की शेअर तारण?

सांगलीचा_सुन्या
मिनी, ५ किलोचा एक लॉट. सगळे कॅश. त्याने काय फरक पडतो?

न्यूजर्सी_नाना
मार्जिन कॉल असा लगेच येत नसतो. आधी मेंटेनन्स मार्जिनची पातळी असते, ती इनिशियलपेक्षा कमी, बॅलन्स त्याच्या खाली गेला तरच कॉल, आणि मग परत इनिशियलपर्यंत भरायचं. मी इकडे वर्षानुवर्षं करतोय. तुमच्या ब्रोकरने घाई केली.

लेजरवाली
नाना, ते तिकडचं. आपल्याकडे दोन पायऱ्या नाहीत, रात्री सौदा उभा ठेवायचा तर त्या दिवसाचं मार्जिन पूर्ण पाहिजे. सुन्या, रोजचे बंद भाव टाक आणि मार्जिन किती ब्लॉक होतं तेही.

सांगलीचा_सुन्या
सोम ९१,४००, मंगळ ८९,६००, बुध ८८,९००, गुरु ९०,५००. घेतलं तेव्हा ६६,००० ब्लॉक झालेले.

गुहागरी
मी म्हणतो चांदीचा ईटीएफ घ्या आणि झोपा. मेसेज नाही कॉल नाही.

लेजरवाली
सुन्या, हे बघ. किलोचा भाव एक रुपया हलला की तुझे ५ रुपये हलतात. सोमवारी ६०० पडला, ३,००० गेले, उरले ७७,०००. मंगळवारी १,८०० पडला, ९,००० गेले, ६८,०००. बुधवारी ७०० म्हणजे ३,५०० गेले, ६४,५००. हे पैसे दिसण्यापुरते कमी झालेले नाहीत, रोज रात्री खरंच खात्यातून कापून समोरच्या बाजूला दिलेत. आणि ते कापले की तुझा सौदा दुसऱ्या दिवशी त्या बंद भावावर नव्याने धरला जातो, ९२,००० हा आकडा सोमवारीच संपला. गुरुवारी तू ५,५०० भरलेस, झाले ७०,०००. त्या दिवशी भाव १,६०० चढला, ८,००० जमा, ७८,०००. शुक्रवारी तू ९०,५००च्या वर ९०,९००ला विकलंस, ४०० गुणिले ५, तेच ते २,००० "फायदा". एकूण ८०,०००.
आता तूच बेरीज कर. तू घातलेस ८०,००० आणि ५,५००, मिळून ८५,५००. हातात ८०,०००. तोटा ५,५००, आणि ९२,००० वजा ९०,९०० म्हणजे १,१००, त्याला गुणिले ५ पण तेवढंच. भरलेले पैसे आणि तोटा योगायोगाने सारखे निघाले म्हणून तुला वाटतंय ते दंडात गेले.

सांगलीचा_सुन्या
अच्छा, म्हणजे शुक्रवारच्या कागदावर फक्त शुक्रवारचंच. पण बुधवारी ६४,५०० होते ना, ६६,०००ला फक्त १,५०० कमी. ५,५०० का मागितले?

चिंचवडकर
भाव आपटला की अस्थिरता वाढते, मार्जिन पण वाढवतात. त्या दिवशी तुझं ७०,००० झालं असणार. पण ते एक्सचेंजने वाढवलं का ब्रोकरने स्वतःहून, हे मार्जिन स्टेटमेंट बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

वाईचा_वाघ
माझं तर ह्याच्या उलट झालेलं. निफ्टीत मार्जिन शेअर तारण ठेवून भागलं, मी निवांत. पण एमटीएमचा, म्हणजे हा रोज रात्री कापला जाणारा, तोटा तारणातून जात नाही, रोख लागतो. रोख शून्य होती, खातं मायनसमध्ये गेलं आणि व्याज सुरू. तीन आठवड्यांनी कळलं.

न्यूजर्सी_नाना
म्हणूनच मी म्हणतोय, मेंटेनन्स

लेजरवाली
नाना, पुरे.

सांगलीचा_सुन्या
लेजर उघडलं, बाकी जुळतंय, ब्रोकरेज वगैरे आहेच, पण एक ३२ रुपये ४५ पैसे वेगळे कापलेत. हे काय?

चिंचवडकर
५,५००चा अर्धा टक्का २७.५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४.९५. बरोबर ३२.४५. शॉर्टफॉलचा दंड आहे, तू सकाळी भरलेस पण बुधवारी रात्री कमीच होते.

लेजरवाली
थांब, अपफ्रंट म्हणजे सौद्यासाठी आधीच ठेवायचं मार्जिन कमी पडलं तर तो दंड ब्रोकरने ग्राहकावर ढकलायचा नाही असा नियम आहे.

चिंचवडकर
त्याला अपवाद आहेत. शिवाय हा अपफ्रंटचा आहे का एमटीएमचा, त्यावर अवलंबून.

लेजरवाली
तेच तर ब्रोकरला लेखी विचारायचंय. सुन्या, ईमेल कर, फोनवर नको.

गुहागरी
३२ रुपयांसाठी ईमेल! ईटीएफ घ्या म्हटलं ना.