रेशनच्या तांदळातले तरंगणारे दाणे

> "रेशनच्या तांदळात काही दाणे पाण्यावर तरंगतात. प्लास्टिक आहे का? वेचून टाकू का?"

टाकू नका, पोषण त्याच दाण्यांत आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, ते यंत्रातून दाबून दाण्याचा आकार देतात. असा एक दाणा शंभर साध्या दाण्यांत मिसळतात. तो हलका असल्याने कधी तरंगतो. शिजल्यावर बोटांत दाबा, भातासारखा चुरडेल. प्लास्टिक तसं चुरडत नाही. जास्त पाण्यात शिजवून पेज ओतून दिली तर फॉलिक ॲसिडही जातं, म्हणून बेतानं पाणी घाला.

आता हिशोब. महिन्याला माणशी ३ किलो तांदूळ धरला तर रोजचा १०० ग्रॅम. मानकाप्रमाणे किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज जेमतेम ३ ते ४. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. शिवाय हे लोह शरीरात कमीच शोषलं जातं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. आपल्या मराठवाड्यात तर मुख्य जेवण ज्वारीची भाकरी, आणि गावच्या गिरणीत दळलेल्या पिठात कुणी काही मिसळत नाही. त्यामुळे रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या या तांदळाच्या भरवशावर बंद करू नका. वरणावर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं.