मदत हवी आहे: तुटक वाक्यं नाटकी कधी वाटायला लागतात?

पाठदुखीवरचा एक लेख संपादित करतेय. मजकूर बोलका वाटावा म्हणून लेखिकेने असं लिहिलंय:

"खुर्ची बदलली. उशी घेतली. पण दुखणं? तसंच. आणि मग (हो, मलाही हसू आलं) डॉक्टर म्हणाले, दर अर्ध्या तासाने उठा. बस्स. एवढंच."

पहिली दोन वाक्यं मला खटकत नाहीत. मराठीत कर्ता गाळला तरी क्रियापद वाक्य पेलतं. "पण दुखणं? तसंच." हेही ठेवेन, कारण अपेक्षा मोडते तिथेच वाक्य मोडलंय. "आणि" मात्र काढून पाहिला तर काहीच बिघडलं नाही. कंसातलं हसू डॉक्टर बोलायच्या आधीच येतं, मग हसायचं कशाला? आणि "बस्स. एवढंच." म्हणजे निव्वळ टाळीसाठी थांबणं.

पण सगळंच जोडलं की "खुर्ची बदलून व उशी घेऊनही दुखणे कमी झाले नाही" असा सरकारी अहवाल होतो!

काढून पाहायची ही कसोटी केवळ लयीसाठी ठेवलेल्या तुकड्यांवर अन्याय करते का? पूर्ण लेखात असे परिच्छेद एकामागोमाग आले, तर तुम्ही कुठले जोडता, कुठले तसेच सोडता?