सोसायटी ग्रुप: काड्यांच्या कोड्याचा निकाल

*शिंदे वहिनी (बी विंग):* कमिटीला एक विचारायचं होतं, राग मानू नका. कालच्या काड्यांच्या स्पर्धेत 6+4=4 दिलं होतं, एकच काडी हलवून बरोबर करा म्हणून. आमच्या सईने 8-4=4 केलं आणि फोटोपण टाकला तरी तिच्या नावापुढे फुली. आणि 0+4=4 वाल्यांना बक्षीस. आठातून चार गेले की चारच राहतात ना, का गणपतीत हिशोब बदलतो?

*देशमुख काका (सेक्रेटरी):* वहिनी नमस्कार. उत्तरपत्रिकेत 0+4=4 एकच उत्तर होतं त्याप्रमाणे तपासलं. कुणावर अन्याय करायचा हेतू नाही. कृपया ग्रुपवर वाद नको, आरतीला भेटू.

*शिंदे वहिनी:* काका वाद नाही, विचारणा आहे. मागच्या वर्षी रांगोळीचंपण असंच झालं होतं, ते मी अजून काढलेलं नाही.

*गायकवाड (सी विंग):* 5+4=9 हे पण बरोबर आहे. आमच्या ओमने केलंय. कमिटीने उत्तर द्यावे.

*पवार:* 6+4 बरोबर 4 नाही असं लिहा की डायरेक्ट, = वर एक काडी तिरपी ठेवली की झालं 😄 कुणाची फुली नाही कुणाचं बक्षीस नाही

*जोशी आजी:* टँकर कधी यायलाय?

*देशमुख काका:* आजी सकाळी सातला सांगितलंय. खालच्या टाकीत आहे थोडं, जपून वापरा.

*कदम (ए विंग):* जपून ए विंगवालेच वापरतात काका, बी विंगची गॅलरी रोज धुतली जायली ते कुणाला दिसंना का

*शिंदे वहिनी:* कदम भाऊ विषय काड्यांचा आहे. आणि तुमच्या यशला बक्षीस मिळालंय म्हणून पाण्याचं काढायलात हे सगळ्यांना कळतंय.

*कुलकर्णी सर (निवृत्त):* जरा बोलू का. मी सकाळपासून टेबलावर काड्या मांडून बघायलोय. सईचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे आणि यशचंपण. दोघांनी 6 ची एकच रिकामी जागा भरली आहे. काड्यांच्या 6 ला सहा काड्या लागतात आणि फक्त वरची उजवी उभी जागा मोकळी असते. यशने 6 ची मधली आडवी काडी उचलून त्या जागेत ठेवली, झाला 0. सईने अधिकच्या चिन्हाची उभी काडी उचलून त्याच जागेत ठेवली, तर 6 चा 8 झाला आणि अधिकचं वजा झालं. म्हणजे तिच्या एका काडीने दोन ठिकाणी बदल केला, म्हणून ते जरा उशिरा सुचतं. काडी दोघांनी एकेकच हलवली.

*शिंदे वहिनी:* धन्यवाद सर 🙏 देशमुख काका वाचलं ना?

*देशमुख काका:* वाचलं. सर, पण मग अशी किती उत्तरं निघतील, आपल्याकडे बक्षिसाचे डबे तीनच आहेत.

*गायकवाड:* 5+4=9 हे पण बरोबर आहे. कमिटीने उत्तर द्यावे.

*कदम:* यशने सगळ्यात आधी पाठवलं होतं, वेळ बघा. पहिला तोच.

*कुलकर्णी सर:* देशमुख साहेब, किती निघतील ते मोजता येतं, अंदाज लावायचं कारण नाही. एक काडी काढली तरी खरा आकडा किंवा चिन्ह उरेल अशा जागा इथे दोनच आहेत. 6 ची खालची डावी उभी काढली तर 5 उरतो, आणि अधिकची उभी काढली तर वजा उरतं. 4 ची कुठलीही काडी काढा, उरतं ते काहीच वाचता येत नाही. = मधली काढली तर बरोबरचं चिन्हच गेलं. आता उचललेली काडी ठेवायला जागा बघा. 6 वर ठेवली तर 8 होतो, तो सईने केला. आकड्यातल्या आकड्यात हलवायचं म्हटलं तर 6 चा 0 होतो किंवा 9 होतो, पण 9+4=4 चुकीचं. राहिली 4 वर ठेवायची जागा, आणि खरा वाद तिथंच आहे.

*पवार:* सर माझं तिरप्या काडीचं काय

*कुलकर्णी सर:* पवार, ती काडी आणणार कुठून? 6 मधून काढली तर 5+4≠4, अधिकमधून काढली तर 6-4≠4, दोन्ही खरी विधानं आहेत, नाही म्हणत नाही. पण ही सूट दिली तर चुकलेली बहुतेक समीकरणं अशीच सुटतील, मग डोकं चालवायचं कशाला. बरोबरच्या चिन्हाला हात लावायचा नाही हा नियम आधी लिहायला पाहिजे होता.

*पवार:* लिहिला नव्हता ना पण. डबा द्या माझा 😄

*सय्यद भाई (बी विंग):* सर 4 वर ठेवायची काय भानगड आहे? आमच्या पुतण्याने पण 9 वालंच पाठवलंय.

*कुलकर्णी सर:* 4 च्या डोक्यावर एक आडवी काडी ठेवली की 9 दिसतो, पण खाली आडवी शेपटी नसलेला. हा 9 पाच काड्यांचा. कुणी 9 खालच्या शेपटीसकट लिहितं, तो सहा काड्यांचा. पाच काड्यांचा 9 मान्य केला तर 6 मधली काढून 5, ती 4 वर ठेवून 9, 5+4=9 एकदम बरोबर. शेपटीवाला 9 मानला तर 4 चा 9 करायला दोन काड्या लागतात आणि आपल्याकडे एकच आहे.

*कदम:* मग शेपटीवालाच खरा. प्रश्नातल्या 6 ला डोक्यावर आडवी काडी होती, मी फोटो झूम करून बघितलाय. तो 6 उलटा फिरवा, 9 शेपटीसकट येतो. नियम एकाला एक दुसऱ्याला एक नको. गायकवाड बाद.

*गायकवाड:* कदम तुम्ही जज नाही. 5+4=9 हे पण बरोबर आहे. कमिटीने उत्तर द्यावे.

*सुरवसे (डी विंग):* मी रेडिओ टीव्ही रिपेरिंगवाला माणूस, तुमच्या गणितात पडत नाही पण हे माझ्या रोजच्यातलं आहे. सात काड्यांचा आकडा म्हणजे आमचा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. जुनी 7447 आयसी लावली की 6 डोक्याविना आणि 9 शेपटीविना दिसतो. 74247 लावली की दोन्ही पूर्ण दिसतात. दोन्ही चालतात, गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही. पण कदम भाऊंचा मुद्दा एका अर्थाने खरा आहे, या दोन्ही आयसीत 6 आणि 9 एकाच पद्धतीचे असतात. काही कॅल्क्युलेटरवर मात्र 6 पूर्ण आणि 9 बिनशेपटीचा असंपण बघायला मिळतं.

*गायकवाड:* बघा. कॅल्क्युलेटरवर असतो.

*कदम:* काही कॅल्क्युलेटरवर. सगळ्या नाही.

*मुंडे (सी विंग):* अहो माझ्या पार्किंगमध्ये परत ती पांढरी स्कूटी लागलीय, काड्या सोडा

*शिंदे वहिनी:* मुंडे भाऊ पार्किंगचं वेगळं टाका ना. सर तुम्ही सांगा, सईचं धरायचं का नाही एवढं तरी आज होऊ द्या.

*कुलकर्णी सर:* सईचं धरायचंच. 9 चा प्रश्न सईला आणि यशला लागूच होत नाही, त्यांच्या उत्तरात 9 नाही. गायकवाडांच्या ओमचं म्हणाल तर प्रश्नात 9 कुठेच नव्हता, म्हणजे कुठल्या पद्धतीचा 9 चालेल हे मुलांना कळायला मार्गच नव्हता. नियम न सांगता पोराला बाद करणं मला पटत नाही. मात्र तपासायची एक सोपी खूण आहे. हलवण्याच्या कोड्यात काड्यांची बेरीज आधी आणि नंतर तेवढीच राहिली पाहिजे. 6 च्या सहा, अधिकच्या दोन, 4 च्या चार, बरोबरच्या दोन, परत 4 च्या चार, एकूण १८. यशच्या 0+4=4 मध्ये १८. सईच्या 8-4=4 मध्ये 8 च्या सात, वजाची एक, पुढे चार, दोन, चार, तेही १८. आता 9 वाल्यांनी आपापल्या फोटोतल्या काड्या मोजा.

*गायकवाड:* मोजल्या. 5 च्या पाच, अधिकच्या दोन, चार, दोन, आणि 9 च्या पाच. १८. ओमचा 9 बिनशेपटीचा आहे. 5+4=9 हे पण बरोबर आहे.

*सय्यद भाई:* सर आमच्या पुतण्याच्या फोटोत १९ यायल्यात.

*कुलकर्णी सर:* मग त्याच्या 9 ला शेपटी असणार. एक काडी पेटीतून नवी आली. उत्तर दिसायला बरोबर आहे पण ते एक काडी हलवून झालेलं नाही, दुसरी जोडली आहे.

*सय्यद भाई:* बरोबर आहे सर, तोच म्हणायला पेटीतून एक घेतली म्हणून. त्याला सांगतो, 8-4 वालं आवडलं त्याला.

*मुंडे:* आमच्या घरूनपण 9 वालंच गेलं होतं

*मुंडे:* _हा मेसेज डिलीट केला आहे_

*पवार:* 😄😄 मुंडे साहेब मोजल्या वाटतं

*कदम:* सर एक शंका. हलवायच्या ऐवजी काडी काढूनच टाका असं विचारलं असतं तर इतका गोंधळ झाला नसता ना?

*कुलकर्णी सर:* या प्रश्नाला काढून टाकून उत्तरच नाही. मघाशी म्हटलं तशा काढता येणाऱ्या जागा दोनच, त्यातून 5+4=4 आणि 6-4=4 उरतात, दोन्ही चूक. काढायच्या कोड्याला वेगळं समीकरण लागतं. समजा 8+3=9 दिलं. 8 मधून एक काढली की 0, 6 किंवा 9 मिळतो. शेवटच्या 9 मधून एक काढली की 5 किंवा 3, आणि अधिकमधून काढली की वजा. 3 मधून काढून काही उरत नाही. एकेक करून बघा, 0+3=9 नाही, 9+3=9 नाही, 8+3=5 नाही, 8+3=3 नाही, 8-3=9 नाही. 6+3=9 जमतं. उत्तर एकच. आणि मुख्य म्हणजे 9 प्रश्नातच मांडलेला असतो, शेपटीसकट मांडायचा, मग तो कसा लिहायचा यावर भांडण उरत नाही.

*सुरवसे:* सर हे काढायचं उत्तर इथंच सांगून टाकलं तुम्ही, उद्या विसर्जनाच्या आदल्या दिवशी तेच ठेवणार होते म्हणे 😄

*देशमुख काका:* ते बदलू. सर आज रात्री मला दुसरं द्या, खाजगीत पाठवा. कमिटीचा निर्णय असा: यश, सई आणि ओम तिघांना डबा. पवार यांना नाही. पुढच्या वेळी प्रश्नाच्या खाली तीन ओळी लिहिल्या जातील. पहिली, बरोबरच्या चिन्हाला हात लावायचा नाही. दुसरी, 6 आणि 9 दोन्ही सहा काड्यांचे. तिसरी, उत्तराच्या फोटोखाली एकूण काड्या मोजून आकडा टाकायचा.

*शिंदे वहिनी:* धन्यवाद काका. रांगोळीचं मी आता काढत नाही.

*कदम:* सर पण सहा काड्यांचा 9 ठरला तर पुढच्या वेळी ओमसारखं उत्तर बाद ना?

*कुलकर्णी सर:* हो, आणि प्रश्न ठरवायच्या आधी आपणच काड्या मांडून सगळ्या जागा तपासायच्या, एकापेक्षा जास्त उत्तरं निघाली तर ती सगळी यादीत घ्यायची.

*गायकवाड:* मान्य. डबा कुठून घ्यायचा?

*देशमुख काका:* आरतीनंतर मंडपात. काड्यांची पेटी ज्यांनी नेली ती परत आणा, निरांजन लावायला एकपण उरली नाही.