मदत हवी आहे: जुन्या सिमेंट पेंटवर वेदरप्रूफ इमल्शन टिकेल का?

दुमजली घराची बाहेरची भिंत, त्यावर जुना सिमेंट पेंट. तळहात घासला की पांढरी भुकटी लागते. पावसाच्या बाजूला शेवाळ वाळून काळं पडलंय, खिडक्यांच्या कोपऱ्यांत केसासारख्या बारीक चिरा आहेत.

पुन्हा सिमेंट पेंट दिला तर स्वस्त पडेल, पण भिंत आधी ओली करायची आणि नंतर पाणी मारत राहायचं. त्यात हयगय झाली की तो पुन्हा भुकटीच होतो. शिवाय तो ताठ असल्याने चिरा झाकत नाही. इमल्शन थोडं लवचीक असतं, पण भुकटीवर मारलं तर ते भिंतीला नव्हे, भुकटीलाच चिकटतं आणि पापुद्र्यांनी सुटतं.

म्हणून विचार असा: तारेच्या ब्रशने खरवडणं, शेवाळनाशक, धुणं, चिरा भरणं, पूर्ण वाळवणं, प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात.

अडलंय इथे: धुऊन वाळल्यावरही हाताला थोडी भुकटी लागलीच, तर भुकटी बांधून धरणारा प्रायमर पुरेल, की तेवढा भाग प्लास्टरपर्यंत खरवडावाच लागेल? चिकटपट्टी दाबून ओढल्यावर किती भुकटी आली तर थांबावं?