मदत हवी आहे : .vvoo एक्स्टेन्शन, दोन आयडी, टॅलीचा डेटा

म्हापशातल्या एका छोट्या हिशेबनीसाच्या ऑफिसमधला विंडोज १० पीसी आहे. त्यात रॅन्समवेअर शिरलंय: सगळ्या फाईल्सना मागे .vvoo लागलंय आणि प्रत्येक फोल्डरमध्ये `_readme.txt` पडली आहे. त्यात ७२ तासांत निम्मी किंमत, एक फाईल फुकट उघडून देतो, आणि शेवटी पर्सनल आयडी. नोटचा मजकूर आणि एक्स्टेन्शन, दोन्ही ‘आयडी रॅन्समवेअर’ या साइटवर टाकल्यावर STOP/Djvu असंच आलं, तेव्हा रॅन्समवेअरच्या कुटुंबाबद्दल शंका नाही.

घोळ पुढे आहे. `C:\SystemID\PersonalID.txt` मध्ये दोन आयडी आहेत: एक `t1` ने संपतो, म्हणजे ऑफलाईन, दुसरा ऑनलाईन. डिस्कची इमेज काढून ठेवली, मालवेअर साफ केलं, मग कॉपीवर एमसिसॉफ्टचा डिक्रिप्टर चालवला. टॅलीच्या फाईल्सना तो ऑनलाईन आयडी सांगतो, म्हणजे तिथे किल्लीची आशा जवळपास नाहीच. शॅडो कॉपी पुसलेल्या आहेत, बॅकअपचा पेनड्राईव्हही लावलेला होता, त्यामुळे तोही गेला. पैसे द्यायचे नाहीत, हे मालकांनी ठरवलंय.

पण Djvu मोठ्या फाईलचे फक्त पहिले सुमारे १५० केबी बदलतो, उरलेला भाग शाबूत असतो. झिप बॅकअपमधल्या मागच्या फाईल्स त्यामुळे बऱ्याचदा निघतात, ते करतोच आहे. अडकलोय टॅलीच्या मूळ डेटा फाईल्सपाशी. सुरुवातीचा भाग गेलेली अशी फाईल, त्याच कंपनीच्या जुन्या चांगल्या कॉपीचा हेडर जोडून टॅलीच्या रिपेअरमधून कुणी उघडली आहे का? की व्हाउचर वेगळ्या मार्गाने काढावे लागतात?