तीन तास जास्त काम, तीन तास लवकर सुटका: हिशेब फिटला का?

रबाळेकर: रबाळे एमआयडीसीत आमचं पॅकेजिंगचं युनिट, २४ कामगार. ओव्हरटाइम मी वहीत लिहितो, महिनाअखेर मालक सही करतात. गुरुवारी एक ऑपरेटर तीन तास जास्त थांबला. मालक म्हणतात, शनिवारी तीन तास लवकर सोडू. तो म्हणतो, पैसे द्या. कोण बरोबर?

वागळे इस्टेट: मालक. तीन तास घेतले, तीन दिले. माझंही छोटं वर्कशॉप आहे, पार्टीचे पैसे दोन-दोन महिने येत नाहीत. रोख आणायची कुठून?

पगारपत्रक: अर्धाच फिटला. समजा त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० आहे. २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे तासाला १०० रुपये. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट, म्हणून तीन तासांचे ६०० होतात. लवकर सोडलंत तर त्याला ३०० चाच मोबदला मिळाला. बदली सुट्टी असते ती साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलं त्याची, आणि ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची. दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा.

त्याहून मला महिनाअखेरची सही खटकते. आमच्याकडे एकदा पंचिंग ८:४० चं आणि वहीत ८:०० होते. मधली ४० मिनिटं माणूस मशीन पुसत होता की बसची वाट बघत होता, हे ३१ तारखेला कुणालाच आठवेना. तेव्हापासून थांबवण्याआधी चिठ्ठी करतो: नाव, काम, अंदाजे तास, सुपरवायझरची सही. दुसऱ्या दिवशी पंचिंगची वेळ शेजारी लिहून कामगाराची सही घेतो. आकडा चुकला तर एका रेघेनं खोडायचा, जुना वाचता आला पाहिजे.

घणसोलीची: आमच्या आयटी कंपनीत कॉम्प-ऑफ ९० दिवसांत संपतो. माझे सहा गेले, कारण मॅनेजरनं मंजुरीच दिली नाही. ते परत मिळतील का?

पगारपत्रक: तुमचं प्रकरण वेगळं आहे, नेमणूकपत्रातल्या अटी बघाव्या लागतील. अर्ज केल्याचे मेल मात्र जपून ठेवा.

वागळे इस्टेट: आधी चिठ्ठी म्हणता, पण रात्री आठला ट्रक दारात आला आणि मी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तर सही कुणाची? मंजुरी नाही तर पैसे नाहीत, हा नियम चालेल?

पगारपत्रक: नाही चालणार. काम करून घेतलं की पैसे द्यावेच लागतात. सुपरवायझरनं एका ओळीचा मेसेज टाकावा, सही सकाळी. विनामंजुरी थांबवलं तर जाब त्याला विचारा, कामगाराचा पगार कापू नका.

दिघा नाका: मी स्वतः ऑपरेटर आहे. मला गणपतीत गावी जायला सुट्टीच हवी, पैसे नकोत. मग?

पगारपत्रक: पैसे दुप्पट घ्या, रजेचा अर्ज वेगळा करा.

वागळे इस्टेट: दुप्पटही द्यायचे आणि ऐन सणात माणूसही सोडायचा? हे मला अजून पटत नाही.

रबाळेकर: रकाने आजच वेगळे आखले. मालक ६०० ला तयार नाहीत. उद्या पंचिंगची प्रिंट घेऊन पुन्हा बसतो.