अनुभव धागा: नातेवाइकाच्या खात्यावरून घेतलेलं ध्यानाचं अ‍ॅप काढताना

आईचे गुडघे धरले, अंबाझरीला फिरणं सुटलं. म्हणून मागच्या उन्हाळ्यात भाच्यानं तिच्या फोनवर ध्यानाचं अ‍ॅप घेऊन दिलं. प्ले स्टोअरवर खातं त्याचं, पैसे १५०० च्या गिफ्ट कार्डाचे, सदस्यत्व वर्षाचं. आईला ते रुचलं नाही, आम्ही अ‍ॅप काढून टाकलं. वर्षानं भाच्याच्या बँकेतून पुन्हा पैसे गेले. कार्डात शिल्लक उरली नव्हती, पण त्याचं यूपीआय पर्यायी म्हणून जोडलेलं होतं. मी आईच्या खात्यात शोधत बसले, तिथे नोंदच नव्हती. तुमचे अनुभव सांगा.

प्रतापनगरचे काका: गिफ्ट कार्ड संपलं की सदस्यत्व आपोआप बंद होते. माझं तसंच झालं, काहीच केलं नाही.

मनीषनगर, मोबाईल दुरुस्ती: काका, तुमच्या खात्यात दुसरी पद्धत जोडलेली नसेल म्हणून थांबलं. ताईंकडे होती. अ‍ॅप काढल्यानं किंवा फोनमधून खातं काढल्यानं सदस्यत्व रद्द होत नाही, ते खरेदी करणाऱ्या खात्याला चिकटलेलं असते. फोनवर दोन खाती असली तर प्ले स्टोअरमध्ये वरच्या गोल चित्रावर दाबून आधी खातं बदला, मग Payments & subscriptions, त्यात Subscriptions, अ‍ॅप निवडा, Cancel subscription. भाच्याला त्याच्याच फोनवरूनही जमेल. नंतर तिथे संपण्याची तारीख दिसली पाहिजे. नूतनीकरणाची तारीख दिसत असेल तर रद्द झालेलं नाही.

सक्करदऱ्याहून: आमच्या जिमवाल्यानं सहा महिन्यांची फी परत केली नाही बापा. त्याचं काय करावं?

धागाकर्ती: दादा, तो वेगळा विषय. इथे फोनवरच्या अ‍ॅपचं चाललंय.

धरमपेठ: माझ्या जाऊबाईंनी आयफोनवरून फॅमिली शेअरिंगनं व्यायामाचं अ‍ॅप दिलं होतं. मी माझ्या फोनवर किती शोधलं, रद्द करायचं बटणच नाही. शेवटी त्यांनीच Settings मध्ये स्वतःच्या नावावर दाबून Subscriptions मधून काढलं. सणाच्या भेटीसाठी त्यांना फोन करायला फार अवघड वाटलं हो.

मनीषनगर, मोबाईल दुरुस्ती: भेट अ‍ॅपच्या स्वतःच्या वेबसाइटवरून कोडनं आली असेल तर स्टोअरमध्ये नोंद नसतेच. त्या अ‍ॅपमध्ये ज्या ईमेलनं लॉगिन केलं त्याच खात्यात पाहा. ताई, पैसे कधी गेले?

धागाकर्ती: पाच दिवस झाले. पावती भाच्याच्या मेलवर आली, त्यानं उघडली नाही.

मनीषनगर, मोबाईल दुरुस्ती: ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागता आला असता. आता अ‍ॅप बनवणाऱ्यांना लिहा, देणं त्यांच्या मर्जीवर. आणि गिफ्ट कार्डातून गेलेल्या पैशांचा परतावा प्लेच्या शिल्लकीतच येते, रोख मिळत नाही.

धागाकर्ती: भाच्यानं आज रद्द केलं, पुढच्या जूनची संपण्याची तारीख दिसते आहे. कंपनीला मेल गेली, उत्तर नाही. तोवर ध्यान कोणी करणार का, असं आईला विचारलं, तर शेजारच्या आजींना फोन देऊन आली.